मदत हवी आहे: कारागिरांबद्दलचा मजकूर खरेदीदाराने परत पाठवला

पेठेतला_निर्यातदार: शुक्रवारी कॅटलॉग जायलाच हवा. जर्मनीतला खरेदीदार म्हणतो, तुमचा मजकूर भारतातून येणाऱ्या प्रत्येक पत्रकासारखा आहे. आम्ही लिहिलं होतं, 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा, लोप पावत चाललेली कला'. यात खोटं काय आहे? मग लिहू तरी काय? लवकर सांगा.

चहाबाज: माल कोणता ते तर सांगा! आणि घेणारा घाऊक व्यापारी की दुकानदार?

पेठेतला_निर्यातदार: तांबट आळीतली मठारकामाची, म्हणजे हातोडीचे ठोके मारलेली तांब्याची भांडी. त्याची स्वतःची दुकानं आहेत.

कोथरूडची_मी: तांब्यातल्या पाण्याचे आयुर्वेदिक फायदे लिहा, तिकडे लोकांना आवडतं.

जुना_हात: ताई, ते नको. आरोग्याचा दावा छापला की पुरावा मागतात. दादा, वारसा शब्द खोटा नाही, पण तो वाचून गिऱ्हाइकाला हातातलं भांडं कळत नाही. माझी 200 लोट्यांची ऑर्डर अडली होती, कारण 'ठोके एकसारखे नाहीत, माल सदोष'. पुढच्या खेपेला कार्डावर तीनच गोष्टी लिहिल्या. पत्रा तापवल्यावर मऊ पडतो, ठोक्यांनी पुन्हा कडक होतो, म्हणजे ठोके नुसती नक्षी नाहीत. ते हाताने पडतात, म्हणून रांग थोडी हलते. आणि आतली कल्हई 232 अंशांना वितळते, म्हणून रिकामं भांडं आचेवर ठेवू नये. ती तक्रार परत आली नाही.

आणखी एक, 'एका कारागिराने घडवलं' असं लिहू नका. तुमच्याकडे घडवणारा, मठारणारा आणि कल्हई करणारा वेगवेगळे असतील, तर तसंच लिहा. कोणी काय केलं हे वाचूनच माणूस दिसतो.

सदाशिवपेठी: हे पटलं. पण नाव छापलंत की खरेदीदार उद्या थेट कारागिराकडे जाईल. फक्त फोटो टाका.

जुना_हात: बिननावाचा हसरा म्हातारा? सगळे तोच फोटो टाकतात. आणि गेला थेट तर जाऊ दे, नाव त्याचं आहे.

सदाशिवपेठी: पॅकिंग, तपासणी, बुडालेले पैसे, हे सगळं निर्यातदाराच्या अंगावर असतं. तुम्ही सहज बोलता.

बंबवाली: आमच्या आजीचा बंब आहे, नळ गळतो. आळीत दुरुस्त करून मिळेल का?

चहाबाज: नाव-फोटो छापण्याबद्दल कारागिरांना विचारलंत का?

पेठेतला_निर्यातदार: नाही. फोटो दिवाळीत काढले होते, तेव्हा कशासाठी ते सांगितलंच नाही. उद्या सकाळी जातो. मठारणाऱ्या काकांसाठी हे लिहिलंय: 'या कळशीचे ठोके यांचे. तळाशी ते दाट मारतात, कारण भार तिथे येतो.' काकांना वाचून दाखवतो. ते म्हणाले असं नाही, तर बदलतो.

जुना_हात: दाट का मारता, ते त्यांनाच विचारा. कारण तुमचं नको, त्यांचं हवं.