मदत हवी आहे: सर्दीनंतर मुलाच्या बेंबीभोवती वारंवार दुखतंय

माझा मुलगा 7 वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याला सर्दी-ताप झाला. ताप उतरला आणि चार दिवसांनी पोटदुखी सुरू झाली. कुठे दुखतं विचारलं की बेंबीवर पूर्ण तळहात ठेवतो. दहा-पंधरा मिनिटं पाय पोटाशी घेऊन पडतो, मग उठून खेळायला पळतो. दिवसातून दोन-तीनदा असं होतं.

अपेंडिक्सच्या भीतीने सोनोग्राफी केली. पोटातल्या गाठी सुजल्यात, सर्वात मोठी 9 मिमी. अपेंडिक्स मात्र दिसलंच नाही. डॉक्टर म्हणाले, सर्दीच्या विषाणूमुळे गाठी सुजतात, आपोआप उतरतात. अपेंडिक्सचं दुखणं सहसा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकतं, तिथेच राहतं आणि वाढत जातं. मूल उडी मारायला, चालायला नको म्हणतं, जेवण टाकतं, उलटी करतं. असं काही दिसलं तर रात्र असली तरी लगेच आणा, असं त्यांनी बजावलंय. आमचा उड्या मारतो, वरणभातही खातो, पण परवा रात्री पुन्हा कळवळून उठला आणि माझा धीर सुटला.

तुमच्या मुलांना हे किती दिवस चाललं? अपेंडिक्स न दिसल्यामुळे कुणाला पुन्हा सोनोग्राफी सांगितली होती का?