फोटोत गळा मस्त दिसला, अंगावर खांदा उतरते. काय करू?

दारव्हा तालुक्यात माझं लहानसं ब्लाउजचं दुकान आहे. गिऱ्हाईक पुस्तकातला गळा दाखवते आन मंग म्हणते मले कसा दिसन, म्हणून मी मोबाईलवर नवीन धंदा सुरू केला, तिचा पाठीकून फोटो घ्यायचा आन त्यावर डिझाईन चिकटवून दाखवायचं. परवा एका ताईंनं मोठा मटका गळा पसंत केला, फोटो पाहून खुश, मी तसाच कापला. आता घातला की दोन्ही खांदे खाली येतात. पुढच्या सोमवारी घरी लग्न आहे त्यायच्या. वाचवता येते का, आन फोटो दाखवणं बंद करू का?

सुईदोरा_वर्धा: डिझाईनची ऑपॅसिटी कमी करा भाऊ, खरं दिसते. माझं तसंच चालते.

काठपदर: ऑपॅसिटीनं खालचा जुना ब्लाउज दिसते पण कापडाचा रंग फिका पडते, आन गिऱ्हाईक मंग म्हणते हा तो रंग नोय. त्यापेक्षा Blend मध्ये Multiply घ्या, खालच्या चुण्या-सावल्या वरच्या कापडावर येतात. मात्र फोटोत ब्लाउज पांढरा नाहीतर फिका पायजे, गडद असला तर सारं काळंच होते.
पण तुमचा घोटाळा रंगाचा नाईच. फोटोत गळा चिकटवलेला असते, तो घसरत नाई! मोजून पाहा. ताईचा खांदा 14 इंच, स्क्रीनवर समजा 7 सेंटीमीटर, म्हणजे 1 सेंटीमीटरले 2 इंच. गळा स्क्रीनवर साडेचार रुंद आन 5 खोल असन तर खरा 9 इंच रुंद आन 10 खोल झाला. उरली खांद्याले अडीच-अडीच इंच पट्टी, आन पाठीत धरून ठेवाले काहीच नाई. 10 खोल पायजे तर रुंदी 6 वर आणा, नाहीतर मानेखाली नाडी. तुमचा कापून झाला, म्हणून आता नाडीच. खांद्यापासून दीड-दोन इंच खाली लावा, लटकन लावलं तर ताईले डिझाईनच वाटन. फोटो कमरेच्या उंचीवरून घेऊ नका, पाठीच्या मध्यावर मोबाईल सरळ धरा, वरून-खालून घेतला की खोलीचं माप चुकते.

पिंकी_यवतमाळ: माझ्या टेलरनं पैठणीचा काठ बाहीवर लावतो म्हटलं आन 80 सेंटीमीटरच्या पीसमध्ये लांब बाही बसलीच नाई, फोटोत तर कोपरापर्यंत काठ होता. हे पण लिहा ना कोणी.

धागाकर्ता: नाडी लावून पाहतो. 14 च आहे खांदा, मोजला. पण ताई म्हणते पैसे पुरे देईन का नाई ते घालून पाहिल्यावर सांगते.

काठपदर: नाडीचे पैसे मागू नका. आन पाठीचा फोटो आहे, काम झालं की त्यायच्यासमोर डिलीट करा, व्हॉट्सॲपवर पाठवला असन तर तिथलाही. गावात बोभाटा व्हाले वेळ लागत नाई.

सुईदोरा_वर्धा: अडीच इंच पट्टीवर माझे तर बसतात बा, बहुतेक तिचा खांदाच उताराचा असन.

काठपदर: तेही असन. पाहिल्याशिवाय कसं सांगू.