रस्ता उकरलेला, गिऱ्हाईक गायब: दुकानाच्या भाड्यात सूट मागितलीत का? अनुभव सांगा

ड्रेसवाल्या ताई, जुळे सोलापूर: ड्रेनेजसाठी समोरचा रस्ता उन्हाळ्यापासून उकरलाय. गाडी लावायला जागा नाही, काचेआडचे ड्रेससुद्धा धुळीनं भरतात. भाडं १८ हजार. मालकांकडं कसं मागितलंत, पदरात काय पडलं?

किराणावाले: रस्ताच बंद, मग भाडं कशाचं? कोरोनात माफ झालं होतं. सरळ थांबवा.

कर सल्लागार: असं करू नका हो. कोरोनातही ज्या दुकानांना सूट मिळाली ती बहुतेक मालकानं समजून घेतलं म्हणून. दुकान ताब्यात आहे तोवर भाडं चालूच. भाडेनियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला थकबाकीच्या लेखी मागणीनंतर ९० दिवस तरी मिळतात. लिव्ह अँड लायसन्स असेल तर तेही धरून चालू नका. आधी करार काढून वाचा.

पगडीवाले काका: माझं भाडं ३५० रुपये. मालक गळका पत्रा बदलत नाही, त्याचं काय करावं?

स्टेशनरीवाले: काका, त्याला वेगळा धागा काढा. ताई, आमचं भाडं १५ हजार. मालकांना मागच्या वर्षीचे आणि यंदाचे त्याच महिन्यांचे जीएसटीचे रिटर्न शेजारीशेजारी दाखवले. वहीवर कुणाचा विश्वास बसत नाही. त्यांना धास्ती वेगळीच होती: एकदा १० झाले की १० च राहतील. म्हणून कागदावरच लिहिलं, चार महिने १० हजार, पाचव्यापासून आपोआप १५. महिन्याच्या पाचातले तीन हजार माफ, दोन हजार मागाहून. असे साचलेले आठ हजार गड्ड्याच्या जत्रेनंतर दोन-दोन हजारांनी फेडायचे.

पावती मात्र नीट बघून घ्या. पहिल्या महिन्यात नुसतं ‘१० हजार मिळाले’ असं लिहून आलं होतं. उद्या त्यांच्या मुलानं वही उघडली तर पाचच्या पाच हजार बाकी दिसले असते. ‘सवलतीचे भाडे, ३ हजार माफ, २ हजार येणे’ असं लिहून घेतलं.

घरमालकीण, मुरारजी पेठ: मी मालकाच्या बाजूची. आमच्या एका भाडेकरूनं न विचारता निम्मं भाडं खात्यावर टाकलं, वर म्हणतो उरलेलं डिपॉझिटातून घ्या. डिपॉझिट मोकळं झालं तर तो दुकान सोडताना लाइटबिल कशातनं वळतं करू? येऊन बोलला असता तर दोन हजार नक्की सोडले असते. दुकानाचा घरपट्टीचा भरणा मलाही चुकत नाही.

ड्रेसवाल्या ताई: चार महिन्यांत काम नाही झालं तर?

स्टेशनरीवाले: आमचं तसंच झालं. आणखी दोन महिने मागितले, एकच मिळाला. दुसऱ्याचे १५ पूर्ण भरले.

कर सल्लागार: म्हणून मुदत महिन्यांवर नको, डांबर पडेपर्यंत ठेवा.

घरमालकीण: त्यावर मी तरी सही करणार नाही. आमच्या गल्लीत डांबर पडलं आणि पाइपलाइनसाठी लगेच पुन्हा उकरलं.