मदत हवी आहे: रोखीत ६०,०००, उधारीत ६९,०००. मग हे व्याज का नाही?

घोडबंदरची_बाई
ठाण्यातल्या कॉलेजात नीतिशास्त्राच्या घटकासाठी एक छोटं प्रकरण लिहितेय. मुंब्र्यात कपडे शिवणाऱ्या बाईंना ओव्हरलॉक मशीन हवं आहे, रोखीत किंमत ६०,०००. बँक वर्षासाठी कर्ज देते, फेड ६९,०००. ओळखीचे एक व्यापारी म्हणतात, "मी मशीन विकत घेतो आणि तुम्हाला ६९,००० ला विकतो. महिना ५,७५० चे बारा हप्ते." इस्लामी शिकवणुकीत पहिलं निषिद्ध, दुसरं चालतं. मुलं विचारतात, आकडा तोच, मग फरक काय? मला नीट सांगता येत नाहीये.

खारघर_सेक्टर१२
अशी बिनव्याजी योजना नवी मुंबईत कोण देतं? माझ्या फ्लॅटचा हप्ता दर बदलला की वाढतो, वैतागलोय.

घोडबंदरची_बाई
दादा, कर्ज शोधत नाहीये, वर्गासाठी विचारतेय.

कळवा_नाका
मनाई फक्त पिळवणुकीच्या सावकारीला आहे. कुराणातच दुप्पट-चौपट व्याज खाऊ नका असं आहे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता ना, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, तसंच. माफक व्याज चालायला हरकत नाही.

कौसेकर
दुप्पट-चौपटीचा उल्लेख खरा आहे, तिसऱ्या सूरहमध्ये (३:१३०). पण दुसऱ्या सूरहमध्ये (२:२७९) सावकाराचा हक्क फक्त मुद्दलावर ठेवलाय. म्हणून बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, कर्जावर आधी ठरवलेली कुठलीही वाढ रीबा, म्हणजे निषिद्ध व्याजच, मानतात, दर कितीही कमी असो. वेगळं मत मांडणारेही झाले. इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचा परतावा वैध ठरवला होता आणि त्यावर मोठा वाद झाला.

बाई, तुमच्या प्रश्नाबद्दल. आकडा बघून फरक कळणारच नाही. व्यापाऱ्याने मशीन घेतल्यापासून बाईंना विकेपर्यंत मधल्या दिवसांत ते कोणाचं होतं, ते बघा. व्यापाऱ्याने भिवंडीच्या गोदामातून मशीन घेतलं आणि कौसाला येताना टेम्पोत त्याचा हेड फुटला. विक्री खरी असेल तर नुकसान व्यापाऱ्याचं, कारण बाईंना ते अजून विकलेलंच नाही. जे आपल्याकडे नाही ते विकू नये, अशी पैगंबरांची हदीस आहे. बँकेच्या कर्जात मशीन फुटो वा हरवो, हप्ता चालूच.

दुसरं, किंमत एकदा ठरली की ठरली. सहाव्या महिन्यात बाई आजारी पडल्या तरी ६९,००० चे ७०,००० होत नाहीत. उलट अडचणीतल्या ऋणकोला सवड द्या, असं २:२८० मध्ये आहे. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा असायला बहुतेक फकीहांची हरकत नाही, पण उठण्याआधी दोघांनी एकच भाव पक्का केला पाहिजे.

घोडबंदरची_बाई
आणि व्यापाऱ्याने ६०,००० रोख बाईंच्या हातात देऊन "तुम्हीच घेऊन या" म्हटलं तर?

कौसेकर
मोडतं ते बहुतेक वेळा तिथेच. बिल थेट बाईंच्या नावावर झालं आणि व्यापाऱ्याने मशीन कधी घेतलंच नाही, तर ते ६०,००० चं कर्ज आणि वर ९,००० व्याज, नाव काहीही द्या. बाई व्यापाऱ्याच्या वतीने खरेदी करू शकतात, पण बिल त्याच्या नावाचं हवं आणि विक्रीचा व्यवहार त्यानंतर, वेगळा. तुमच्या प्रकरणात बिलाची प्रत जोडा. मुलं तिथूनच ओळखतील.

राबोडीची_मुलगी
माझे मामा हप्त्याने माल देतात. उशीर झाला की दंड घेतात, पण तो दान करतात. त्याला व्याज म्हणणार का?

कौसेकर
यावर एकमत नाही. बऱ्याच इस्लामी बँका असंच करतात. म्हणणं असं की दंड विक्रेत्याच्या खिशात जात नाही, फक्त मुद्दाम टाळाटाळ करणाऱ्याला वचक बसतो. काहींना तेही पटत नाही, कारण खरंच अडलेल्या माणसालाही तो भरावा लागतो. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण मामांचं चूक आहे असं म्हणणार नाही.

कळवा_नाका
मग व्यापाऱ्याने मूळ भाव सांगायलाच हवा का? धंद्यात कोणी सांगतं का?

कौसेकर
नुसती उधारीवर विक्री असेल तर नाही. पण "माझ्या खरेदीवर ९,००० नफा" असं ठरवून विकलं, म्हणजे मुराबहा, तर खरी खरेदी सांगावीच लागते. गोदामवाल्याने ४,००० सूट दिली आणि त्याने ती लपवली, तर फसवणूक. काही फकीहांच्या मते बाई सौदा मोडू शकतात, काहींच्या मते किंमत तेवढी कमी होते.

घोडबंदरची_बाई
टेम्पोचं भाडं खरेदीत धरायचं का?

कौसेकर
धरता येतं, पण मग "मी इतक्याला घेतलं" म्हणायचं नाही, "मला इतक्याला पडलं" म्हणायचं. स्वतःच्या भिवंडीच्या खेपेची मजुरी मात्र त्यात घालता येत नाही, ती नफ्यातूनच.