शब्दचर्चा : ‘फेरिटिन नॉर्मल’ म्हणजे ‘लोहसाठा पुरेसा’ का?

वैद्यकीय अनुवादक, शाहूपुरी : आमवाताच्या रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचे मी मराठीकरण करत आहे आणि त्यातील दोन ठिकाणी अडलो आहे. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन, आणि ते पकडणाऱ्या पेशीवरील ग्राहीच्या रक्ततपासणीसाठी मी ‘विद्राव्य ट्रान्सफेरिन ग्राही’ असा शब्दप्रयोग केला आहे. तो वाचकाला काही सांगतो का? दुसरे म्हणजे, फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाबद्दलच्या ‘फेरिटिन नॉर्मल असल्यास लोहसाठा पुरेसा आहे असे समजावे’ या वाक्यावर एका डॉक्टरांनी लाल रेघ ओढली आहे. वाक्य सरळ वाटते, मग त्यात चुकले काय?

निवृत्त विज्ञानशिक्षक, इचलकरंजी : ‘विद्राव्य’ हा शब्द शास्त्रशुद्ध आहे, तो ठेवावा. वाक्यातील दोष असा की, शरीरात दाह असताना फेरिटिन आपोआप वाढते आणि त्यामुळे ते निरुपयोगी ठरते. ट्रान्सफेरिन ग्राहीवर दाहाचा परिणाम होत नाही. म्हणून पत्रकातून फेरिटिन काढून टाकावे आणि ‘ग्राही वाढला असेल तर लोह कमी आहे’ एवढेच लिहावे.

पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरी : दाहात फेरिटिन वाढते हे सरांचे म्हणणे योग्य आहे, मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फेरिटिन कमी आले तर दाह असो वा नसो, त्यावर विश्वास ठेवावा. ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खालचा आकडा लोहाची कमतरताच सांगतो. अडचण येते ती साधारण ३० ते १०० या पट्ट्यात आणि काही वेळा त्याच्याही थोडे वर, कारण तेथे दाहाने चढवलेला आकडा रिकामा साठा झाकून टाकतो.

अनुवादकांच्या वाक्यात ‘साठा’ आणि ‘पुरेसा’ हे दोन शब्द एकमेकांना जोडले गेले आहेत, आणि रेघ बहुधा त्यावर असावी. दाह सुरू झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त तयार करते. ते पेशींमधून लोह बाहेर सोडणारी फेरोपोर्टिनची वाट बंद करते, त्यामुळे जुन्या तांबड्या पेशी मोडून मिळालेले लोह भक्षक पेशींतच अडकते आणि आतड्यातून होणारे शोषणही घटते. गुळाचे गोदाम भरलेले असावे पण दाराला कुलूप असावे, तशी ही अवस्था असते. म्हणजे साठा असूनही अस्थिमज्जेला लोह मिळत नाही, आणि काही रुग्णांत तर कुलूपही असते आणि गोदामही रिकामे असते. या दोन अवस्था वेगळ्या ओळखणे हेच या तपासणीचे काम आहे.

गृहिणी, गडहिंग्लज : डॉक्टर, माझ्या सासूबाईंना आमवात आहे. त्यांच्या रिपोर्टवर फेरिटिन नॉर्मल आले, म्हणून आम्ही लोहाच्या गोळ्या बंद केल्या. नंतर दुसऱ्या तपासणीत हा ग्राही वाढलेला निघाला. ग्राही म्हणजे घेणारा, तर शरीर आता जास्त लोह घेऊ लागले आहे असेच ना? मग गोळ्यांची गरज काय?

पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरी : ताई, शब्दावरून तसे वाटणे साहजिक आहे, पण अर्थ उलट आहे. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडत असताना त्यांच्या पृष्ठभागावर हे ग्राही असतात, आणि लोहाची चणचण पडली की पेशी त्यांची संख्या वाढवते. या ग्राहींचा बाहेरचा भाग तुटून रक्तद्रवात येतो, तोच आपण मोजतो. म्हणून वाढलेला आकडा मिळालेले लोह दाखवत नाही, लोहाची मागणी दाखवतो. गोळ्यांबाबतचा निर्णय सासूबाईंच्या डॉक्टरांनी सर्व रिपोर्ट एकत्र पाहून घ्यावा, आणि लोह कशामुळे घटले हेही त्यांना आवर्जून विचारावे.

उदाहरणासाठी एक कल्पित रिपोर्ट घेऊ. ४६ वर्षांची आमवाताची रुग्ण, हिमोग्लोबिन ९.२, दाह दाखवणारा सीआरपी ३८, फेरिटिन ८५. लोह २८ आणि टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह बांधण्याची एकूण क्षमता, २७०, म्हणून संपृक्तता सुमारे १० टक्के. नुसत्या लोहकमतरतेत टीआयबीसी चढायला हवी होती, पण दाह ट्रान्सफेरिन खाली ओढतो, म्हणून ती वरकरणी सामान्य दिसते. संपृक्तता तर दोन्ही अवस्थांत घसरते. येथपर्यंत निकाल लागत नाही. आता ट्रान्सफेरिन ग्राही ५.६ मिलिग्रॅम प्रति लिटर आला, आणि त्या किटची स्त्रियांसाठीची वरची मर्यादा ४.४ आहे. या आकड्याला फेरिटिनच्या लॉगरिदमने, म्हणजे ८५ च्या १.९३ ने, भागले तर निर्देशांक २.९ येतो. प्रचलित मर्यादांनुसार १ च्या खाली केवळ दाहजन्य रक्तक्षय आणि २ च्या वर लोहाची खरी कमतरता मानतात. येथे दोन्ही आहेत. अशा रुग्णाला वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरातून रक्त जात नाही ना, शौच काळे होत नाही ना, पाळीचा स्राव किती आहे, हे विचारलेच पाहिजे.

सर, येथे फेरिटिन भाजक म्हणून उपयोगी पडले, हे लक्षात घ्यावे. फेरिटिन ३२० आणि ग्राही २.१ असता तर निर्देशांक ०.८४ आला असता, म्हणजे साठा आहे पण अडकलेला आहे.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गंगावेश : एक गोष्ट जोडतो. काही किट ग्राही मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. नॅनोमोलचा आकडा तसाच सूत्रात टाकला तर १ आणि २ या मर्यादांना काही अर्थ राहत नाही. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एका ठिकाणचा रिपोर्ट दुसऱ्या ठिकाणच्या मर्यादेने वाचू नये. माझ्या मते पत्रकात आकडा छापण्यापेक्षा ‘त्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा पाहावी’ असे लिहावे.

निवृत्त विज्ञानशिक्षक, इचलकरंजी : भाजकाचा मुद्दा पटला. परंतु ग्राही वाढला म्हणजे लोह कमी, हे तरी सर्वत्र खरे मानायचे ना?

पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरी : तसे मानता येत नाही. तांबड्या पेशींचे उत्पादन वाढले की लोह भरपूर असूनही ग्राही वाढतो. थॅलॅसेमिया, रक्तपेशी लवकर मोडण्याचे आजार, बी-१२ च्या अभावाचा रक्तक्षय आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने, या सर्वांत तो चढलेला मिळतो. उलट अस्थिमज्जाच मंदावली असेल, जसे मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात होते, तर लोह कमी असूनही तो चढत नाही.

वैद्यकीय अनुवादक, शाहूपुरी : मग वाक्य असे करतो : ‘दाह असताना फेरिटिन सामान्य आले तरी लोह पुरेसे आहे असे गृहीत धरू नये, ट्रान्सफेरिन ग्राहीची तपासणी उपयोगी पडू शकते, मात्र तिचा अर्थ इतर तपासण्यांसोबतच लावावा.’ आणि ‘विद्राव्य’ऐवजी ‘मुक्त’ लिहिले तर? पेशीपासून सुटलेला, म्हणून मुक्त.

पॅथॉलॉजिस्ट, राजारामपुरी : वाक्य चांगले झाले. ‘मुक्त’ला मात्र माझा विरोध आहे, कारण थायरॉइडच्या रिपोर्टमुळे तो शब्द ‘कशालाही न जोडलेले’ अशा अर्थाने रुळला आहे, आणि हा तुकडा रक्तात बहुतांशी ट्रान्सफेरिनला जोडलेलाच फिरतो. मी ‘रक्तद्रवातील ट्रान्सफेरिन ग्राही’ असे लिहीन.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गंगावेश : रुग्णाच्या हातातील कागदावर इंग्रजी आद्याक्षरेच असतात. पत्रकात तीही छापली नाहीत, तर कोणतीही मराठी संज्ञा त्या ओळीशी जुळणार नाही.

गृहिणी, गडहिंग्लज : आणि ‘दाह’ वाचून सासूबाईंना जळजळच वाटली, त्यांनी पित्ताचे औषध घेतले. तेथे ‘सांध्यांची आतली सूज’ असे काही लिहिता येईल का?

वैद्यकीय अनुवादक, शाहूपुरी : वहिनी, ‘सूज’ लिहिली तर ज्यांच्या सांध्यांवर सूज दिसत नाही पण सीआरपी वाढलेला आहे, ते हा परिच्छेद आपल्यासाठी नाही असे समजतील. या शब्दावर अजून मते हवी आहेत.