मुलाखतीत मॅनेजर आणि टीमची गळती ओळखायला काय विचारावं? की विचारूच नये?

रानवारा: पुण्यात बॅकएंड डेव्हलपर आहे, सात वर्षं झाली. एका पेमेंट कंपनीत दोन राउंड झालेत, तिसरा मंगळवारी, थेट होणाऱ्या मॅनेजरबरोबर. सध्याच्या टीममध्ये रात्री-अपरात्रीच्या कॉल्सना वैतागूनच बाहेर पडतोय, त्यामुळे आगीतून फुफाट्यात नको. ‘वर्क कल्चर कसं आहे’ विचारलं की सगळे एकच छापील उत्तर देतात. मॅनेजर कसा आहे, काम किती आहे, माणसं टिकतात का, हे कळेल असं नेमकं काय विचारू? आणि अशाने हातची ऑफर तर जाणार नाही ना?

कट्टेकरी: एवढा विचार कशाला? एचआरला सरळ अ‍ॅट्रिशन विचारायचं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि मोठी असेल तर तेही नको. सेबीच्या नियमामुळे पहिल्या हजार कंपन्यांना वार्षिक अहवालात किती टक्के कर्मचारी सोडून गेले ते छापावंच लागतं, तेही तीन वर्षांचं. १५ टक्क्यांच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या.

सदाफुली: आकडा छापतात हे बरोबर, पण डोळे झाकू नका. तो सगळ्या कंपनीचा असतो. दहा हजार माणसांत १४ टक्के गळती असताना आठ जणांच्या टीममधून वर्षात पाच जण गेले, तरी त्या आकड्याला ढिम्म फरक पडत नाही. शिवाय आयटी कंपन्या दर तिमाहीला जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा फक्त स्वतःहून राजीनामा दिलेल्यांचा असतो. त्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये पळून गेलेला माणूस त्यात दिसतच नाही, आणि मॅनेजरला कंटाळलेला माणूस बऱ्याचदा आधी तेच करतो.

मी बरीच वर्षं ऑन-कॉल असलेली टीम चालवते. रानवारा, तुमच्या जागी मी एवढंच विचारेन: ‘मागच्या आठवड्यात ऑन-कॉलवर कोण होतं, आणि रात्री किती वेळा उठावं लागलं?’ ‘साधारणपणे किती असतं’ असं विचारू नका, साधारणपणे सगळीकडे सगळं छानच असतं. मागचा आठवडा विचारला की लक्ष ठेवणारा मॅनेजर चटकन सांगतो: अमुक होती, दोनदा अलर्ट आला, एक खोटा निघाला, तो नियम आता बदललाय. ‘फारसे नसतात हो’ म्हणणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसतं. दोनदा उठावं लागणं त्यामानाने बरं, कारण निदान कोणीतरी मोजतंय.

मग विचारा की रोटेशनमध्ये आज किती जण आहेत. टीम किती जणांची आहे ते नव्हे. कागदावर सहा जणांची टीम म्हणजे सहा आठवड्यांतून एकदा पाळी, ऐकायला बरं वाटतं. त्यातला एक राजीनामा देऊन नोटिशीवर, एक नवा, ज्याला पहिले दोन-तीन महिने एकटा ठेवत नाहीत, आणि एक लीड, जो ‘एस्कलेशनलाच’ असतो. उरले तिघं, म्हणजे दर तिसरा आठवडा तुमचा. ‘वर्कलोड कसा आहे’ हे न विचारताही कळलं.

नोटीस_पिरियड: माझी नोटीस ९० दिवसांची आहे, नवी कंपनी ३० म्हणतेय. बायआउट कोण भरतं?

सदाफुली: त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

मधल्या_फळीतला: सदाफुलीताई, मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून पटत नाही. कोण गेलं, का गेलं, रात्री कोण उठलं असली सरबत्ती कोणी केली की मला उलटतपासणी वाटते. सोडून गेलेल्याची कारणं मी परक्या माणसाला सांगूही शकत नाही. आणि खरा नाठाळ मॅनेजर अशा प्रश्नांची उत्तरं घोटूनच बसलेला असतो, फसतो तो बिचारा सरळ माणूस. त्यापेक्षा लिंक्डइनवर त्या टीममधून गेल्या दीड वर्षात बाहेर पडलेली दोन माणसं शोधा आणि फोन करा. दहा मिनिटांत दूध का दूध.

सदाफुली: फोन जरूर करा, पण सोडून गेलेला माणूस चिडलेला असू शकतो आणि त्याच्या काळातला मॅनेजरही आता बदललेला असू शकतो. कारणं विचारू नका हे मात्र मान्य. ‘ही जागा नवी आहे की कोणाच्या जागी?’ एवढं विचारलं तर त्यात कोणाचं गुपित फुटत नाही. हाच प्रश्न टीममधल्या एखाद्या डेव्हलपरलाही विचारायचा. घोटलेलं उत्तर एकाचं असतं, दोघांचं जुळवून ठेवलेलं सहसा नसतं.

आणि वेळ बघा. मंगळवारी एक-दोनच विचारा. बाकीचे ऑफर हातात आल्यावर ‘सही करण्याआधी टीममधल्या कोणाशी वीस मिनिटं बोलता येईल का’ असं म्हणून. त्या टप्प्यावर तेच तुमच्या मागे असतात. नाही म्हणाले तर त्याचीही नोंद ठेवा.

चाकणकर: आमच्याकडे हे ऑन-कॉल वगैरे काही नाही, सरळ शिफ्ट. पण मी मुलाखतीला जातो तेव्हा गेटवरच्या सिक्युरिटीला विचारतो, ‘जनरल शिफ्टची बस किती वाजता सुटते आणि भरून जाते का?’ साडेपाचची बस रिकामी जात असेल तर समजायचं, माणसं आठपर्यंत आतच आहेत. एचआरचा बाप पण हे सांगणार नाही.

कट्टेकरी: हा हा, हे जबरी आहे.

पुन्हा_सुरुवात: तुम्हा सगळ्यांना ऑफर्स लोळत पडल्यासारखं वाटतंय. मी बाळंतपणानंतर दोन वर्षांनी परत येतेय. मागच्या महिन्यात एका ठिकाणी ‘अमेरिकेबरोबरचे कॉल रात्री किती वाजेपर्यंत चालतात’ एवढंच विचारलं, तेही हसत. त्यानंतर रिक्रूटरने मेसेज वाचून सोडून दिले. ज्याच्याकडे दुसरी नोकरी आहे त्यानेच हे प्रश्न विचारावेत.

मधल्या_फळीतला: हेच मी म्हणतोय.

सदाफुली: हे प्रश्न फुकट नाहीत हे खरंच आहे. पण रात्री अकराचे कॉल तुम्हाला जमणारच नसतील तर ते रुजू झाल्यावर कळून काय उपयोग?

पुन्हा_सुरुवात: उपयोग सहा महिन्यांच्या पगाराचा, ताई. आणि रेझ्युमेवरची गॅप भरण्याचा.

रानवारा: मुलाखत झाली. ऑन-कॉलचं मॅनेजरने नावासकट सांगितलं: तीन रात्री, त्यातल्या दोन महिनाअखेरच्या सेटलमेंटमुळे. रोटेशनमध्ये चौघं. जागा नवी, ‘टीम वाढतेय’ म्हणाले. आज ऑफर आली, आणि मागितल्यावर त्यांनी एका डेव्हलपरशी बोलणंही करून दिलं. तो सहज म्हणाला, ‘बरं झालं, जानेवारीपासून दोन जागा रिकाम्याच होत्या.’

मधल्या_फळीतला: यात खोटं काही नसेलही. दोघं गेले, वरून तीन जागा मंजूर झाल्या, मॅनेजरच्या हिशेबात टीम वाढतेय. कागदावर असंच दिसतं.

सदाफुली: शक्य आहे. मग मॅनेजरला एका ओळीचा मेल टाका: ‘गेल्या जानेवारीत टीम किती जणांची होती आणि त्यातले आज किती आहेत?’ कुणावर आरोप नाही, नुसता आकडा.

मधल्या_फळीतला: ऑफर आल्यावर असा मेल? मी असतो तर नक्की खटकलं असतं.

रानवारा: शुक्रवारपर्यंत सही करायची आहे. मेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. चाकणकर, यांची बस नाही हो, सगळे स्वतःच्या गाड्यांनी येतात.

चाकणकर: मग रात्री नऊला पार्किंग बघून या.