शॉकच्या आधी आणि नंतरही छाती दाबायची

«शॉकने बंद पडलेलं हृदय सुरू होतं ना? मग मशीन येईपर्यंत छाती दाबून काय उपयोग?»

बऱ्याच वेळा हृदय निपचित पडलेलं नसतंच, त्याचे खालचे कप्पे नुसते थरथरत असतात आणि रक्त पुढे जात नाही. शॉक ती थरथर थांबवतो, मग हृदयाला आपला ताल पुन्हा पकडता येतो. हृदयाच्या आलेखात सरळ रेष आली असेल तर एईडी, म्हणजे हे शॉकचं मशीन, शॉक देतच नाही. थरथरणाऱ्या स्नायूला रक्त मिळालं नाही तर तोही थकतो आणि शॉक लागू पडत नाही. दाबण्याने मेंदूबरोबरच हृदयालाही रक्त मिळतं. त्यासाठी लागणारा रक्ताचा दाब हळूहळू चढतो आणि हात थांबले की लगेच पडतो.

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी एक काका कोसळले. हार्ट अटॅकमध्ये सहसा माणूस शुद्धीवर असतो, छाती दुखतेय म्हणून सांगतो. हे हाकेला ओ देत नव्हते, मधूनच घोरल्यासारखा आचका देत होते. "श्वास चालू आहे" म्हणत लोक कांदा शोधायला लागले! असा आचका म्हणजे श्वास नव्हे, हृदयाचं काम थांबलंय, म्हणजे कार्डिॲक अरेस्टच समजायचा. एकाने १०८ लावला, आम्ही छातीच्या मधल्या हाडावर दाबायला लागलो: पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देत. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेले हात उथळ दाबतात आणि ते आपल्याला कळतही नाही. शॉकनंतरही नाडी चाचपत न बसता लगेच पुन्हा दाबायचं, ताल आला तरी सुरुवातीला हृदयात जोर नसतो.